वाट वळती की वळत होती

पंचफुलाबाईच्या अंगात तिचा मेलेला सासरा येतो. तळ्याच्या वाटेवर तो तिला गाठतो, थांबून "आली का?" असं विचारतो, आणि ती "आले, आले" म्हणत त्याच्या मागं निघते. कुरुंद्याच्या बाजारात हे मला एका अनोळखी बाईनं सांगितलं. वर माझा हात दाबून म्हणाली, "खोटं न्हाई गं बाय, आमच्या नणंदेनं सवताच्या कानानं ऐकलं."

नणंदेनं ऐकलं हे खरंच असणार. पण तिनं ऐकलं ते माझ्या तोंडून. शाळेच्या गॅदरिंगला मी अंगावर घोंगडं घेऊन पंचफुलाबाईच्या आवाजात तिचीच कविता म्हटली होती, आणि "आले, आले" म्हणताना आवाज असा काही ओढला होता की पुढच्या रांगेतलं एक लेकरू रडत उठलं. मागच्या रांगेतल्यांना कविता वगैरे कळलं नाही. त्यांना फक्त एक बाई मेलेल्या माणसाशी बोलताना ऐकू आली. तेव्हा दुरुस्ती लिहून ठेवते. पंचफुलाबाईच्या अंगात कुणी येत नाही. यायची कुणाची हिंमतच नाही. सासरा मसाजी जिवंत असतानासुद्धा तिला विचारून घरात यायचा म्हणतात.

पंचफुलाबाई पन्नाशीची. अडुसष्ट मेंढरं, नऊ शेळ्या आणि मुंजाजी नावाचा एक नवरा, अशी तिची मोजदाद ती स्वतःच याच क्रमानं करते. मुंजाजी कमी ऐकतो. तिच्याशी संसार केल्यावर देवानं केलेली ती सोय आहे. मेंढरांना ती "चला माझे राजे हो" म्हणते आणि माणसांना "मर तिकडं". तिची नक्कल करायला मला दोन वर्षं लागली. आवाज नाकातून निघतो हे कुणालाही जमतं. अवघड आहे ते तिचं थांबणं. वाक्यातलं शेवटचं क्रियापद यायच्या आधी ती एक श्वास थांबते आणि मग ते क्रियापद दगडावर खराटा आपटावा तसं आपटते. "त्यो मानूस भला... व्हता." त्या एका श्वासात ऐकणाऱ्याला घाम फुटतो, कारण माणूस भला 'हाय' की 'व्हता', की 'व्हईल' म्हणून ही वाट बघून राहिली, हे तिच्या मनात आधी ठरतं आणि आपल्याला नंतर कळतं.

मला ती साळुंकी म्हणते. "ए साळुंके, दुसऱ्याचं बोलून पोट भरतं काय गं तुझं?" एकदा दगडसुद्धा फेकला होता. नेम चांगला आहे.

ती आठवीपर्यंत मामाकडं औंढ्याला शिकली. मेंढरांना जंताचं औषध कोणत्या तारखेला पाजलं ते लिहायला तिच्याकडं एक वही आहे. तिच्या मागच्या पानांवर ती कविता लिहिते हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या साली शाळेचा अंक निघायचा होता. आमचे मराठीचे शिवहार सर घरोघर फिरून गावकऱ्यांचं लिखाण मागत होते. सरपंचानं स्वतःवर लेख दिला. पंचफुलाबाईनं वहीतलं पान फाडून दिलं. अंकाची मुलं म्हणून मी आणि माझ्या वर्गातली वैष्णवी त्या दिवशी सरांच्या बरोबर होतो, म्हणून ते पान मी पहिल्यांदा तिथंच वाचलं.

सासरा पुढं चालायचा, खांद्यावर घोंगडं,
मी मागं, कोकरू काखेत.
म्हणायचा, पोरी, बाभळीपासून वळ,
तितं वाट पाण्याकडं वळती.

बाभूळ तोडली. सासरा गेला.
वाट वळती.

चिखलात त्याच्या काठीचं भोक दिसतं,
त्यात मेंढीचा खूर पडतो.
तो थांबतो. मागं बघतो.
आली का, म्हणतो.
मी म्हणते, आले, आले.

मेंढरं पाण्याला निघाली.

शिवहार सरांनी तिथंच लाल पेन काढलं. सरांचा आवाज असा की प्रत्येक वाक्याच्या शेवटी फळ्यावर पूर्णविराम दिल्यासारखी टकटक ऐकू येते. "पंचफुलाबाई, भावना उत्तम. पण काळाचा घोळ आहे. 'चालायचा', म्हणजे रीतिभूतकाळ. 'वळती', म्हणजे वर्तमान. 'तोडली, गेला', भूतकाळ. परत 'वळती'. मग मेलेला माणूस 'थांबतो', 'बघतो'! वाचणाऱ्याची मान मोडेल इकडं तिकडं बघून."

"मान मजबूत ठिवा म्हना," पंचफुलाबाई म्हणाली.

"आठवण आहे ना? मग आठवणीचा काळ एकच हवा. भूतकाळ."

"आठवन मला आज येती का काल आली?"

सर हसले. सर असे हसले की समजून जायचं, हे आपल्या मनासारखं करणार. डिसेंबरात अंक निघाला तेव्हा कविता अशी होती: "सासरे पुढे चालत असत", "तिथे वाट पाण्याकडे वळत होती", "बाभूळ तोडली गेली, सासरे गेले, वाट वळत होती". खाली "ते थांबत, मागे बघत". शेवटी "मी म्हणाले, आले होते. मेंढरे पाण्याला निघाली होती." नाव मात्र शुद्ध छापलं होतं.

अंक हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ती काठी घेऊन शाळेच्या मैदानात आली. आम्ही सगळे हात जोडून उभे.

"मास्तर, 'आले होते' म्हंजी काय?"

"म्हणजे तुम्ही आला होतात."

"'आले होते' म्हंजी आले आन माघारी गेले! पाहुनी येती तशी. मी कुटं गेले? मी हितं हाय. हाक मारल्यावर मानूस 'आले' म्हनतं तवा त्यानं अजून पाऊलबी उचललेलं नसतं. तुमची आई जेवायला बलावती तवा तुमी 'आलो' म्हंता का 'आलो होतो' म्हंता?"

सातवीतली पोरं फिदीफिदी हसली. सरांनी टकटक न करता म्हटलं, "मी फक्त शुद्ध केलं."

"माझ्या वाटंला 'होती' लावलं तुमी. जित्या मानसाच्या फोटूला हार घालावा तसं."

तिनं काठी आपटली आणि गेली. सर नंतर स्टाफरूममध्ये म्हणाले, अडाणी बाई. तिथंच तो विषय संपला असता, जर उकंडरावांनी तो अंक जपून ठेवला नसता.

उकंडराव माझ्या आईचे चुलत मामा. गावात सर्वांत जास्त हळद त्यांची. तळ्याकडं जाणारी वाट त्यांच्या हळदीच्या बांधालगत जाते. रुंदी एवढी की दोन मेंढ्या जोडीनं आणि एक माणूस मागं. जानेवारीत त्यांनी ट्रॅक्टर घातला, वाट नांगरून बांधात घेतली आणि दोन्ही टोकांना बोरीच्या काट्या रोवल्या. आता पाण्यावर जायचं तर डांबरी रस्त्यानं चार किलोमीटरचा वळसा. फेब्रुवारीत एका टेम्पोनं त्या रस्त्यावर पंचफुलाबाईच्या दोन गाभण मेंढ्या मारल्या. तिनं तहसीलला अर्ज दिला. बाकीचे दोन मेंढपाळ होते, पण त्यांच्या बायका उकंडरावांच्या हळदीत कामाला. त्यांनी सही केली नाही. पंचफुलाबाईनं त्यांच्या दारात जाऊन दोघांना अशा शिव्या दिल्या की एकानं तिथंच मेंढरं विकायचं ठरवलं.

मार्चमध्ये नायब तहसीलदार पाहणीला आले. बरोबर पंचनामा लिहायला एक कारकून. सगळीकडं हळद शिजत होती, कढईच्या वाफेनं डोळे चुरचुरत होते. साहेबांना लिंबाखाली खुर्ची दिली. मी तिथं असायचं कारण म्हणजे उकंडरावांनीच मला बोलावलं होतं. "साळंतली हुशार पोरगी हाय, कागद वाचून दाखवंल," असं ते म्हणाले. मी मजेनं गेले. खोटं कशाला बोलू, पंचफुलाबाई हरताना कशी दिसते ते मला बघायचं होतं. तेवढी एकच नक्कल माझ्याकडं नव्हती.

साहेबांनी आधी नियम सांगितला. "वहिवाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज असेल तरच मी बघणार. रस्ता केव्हापासून बंद आहे?"

"आठ साल झाले साहेब," उकंडराव म्हणाले. त्यांचा आवाज तुपात बुडवून काढलेला असतो. "म्हातारा मसाजी सतरा साली वारला, तवापासून त्या वाटंनं कुत्रंबी गेलं न्हाई. गवत माजलं व्हतं. मी आपला साफ केला बांध."

"वंगाळ बोलतो ह्यो!" पंचफुलाबाई. "पूसमासात नांगर फिरवला तुमी. लेंड्या अजून ढेकळात सापडतील."

साहेबांनी कारकुनाला पाठवलं. तो ढेकळं उलटीपालटी करून आला आणि म्हणाला की लेंड्या आहेत, पण शेणखतातही मेंढीच्या लेंड्या असतात. उकंडराव गालात हसले. दर उन्हाळ्यात मेंढरं बसवून त्यांनी वावर खतवलेलं. त्यांचं खत पंचफुलाबाईच्याच मेंढरांचं.

"साक्षीदार?" साहेबांनी विचारलं.

कुणी पुढं आलं नाही.

"हाय ना साक्षीदार," उकंडराव म्हणाले. "बाईच सवता हाय." आणि त्यांनी खिशातून अंक काढला. "वाच गं पोरी."

मी वाचलं. आणि माझ्यात एक खोड आहे, की छापलेलं वाचताना ते ज्यानं लिहिलं त्याचा आवाज लागतो. त्या ओळी शिवहार सरांच्या आवाजात गेल्या. सासरे पुढे चालत असत, टकटक. वाट पाण्याकडे वळत होती, टकटक. लोक हसले. साहेबही हसले. पण कारकुनानं लिहून घेतलं.

"बघा साहेब," उकंडराव म्हणाले. "मागच्या डिसेंबरात छापलंय. तवा तर काट्याबी नव्हत्या. बाई सवताच्या नावानं लिहिती, वाट वळत 'होती'. मेंढरं निघाली 'होती'. सासऱ्याबराबरची याद हाय ती. सासरा गेला, याद ऱ्हायली. म्या कुनाची याद अडवली न्हाई."

साहेब पंचफुलाबाईकडं वळले. "हे तुमचंच आहे का?"

इथं ती हरली असं मला वाटलं. कारण 'नाही' म्हटलं तर खोटं, 'हो' म्हटलं तर गेली. तिनं मोठा श्वास घेतला.

"शबुद माझे. काळ... मास्तरचा."

मग तिनं ओच्यातून ती जंताच्या औषधाची वही काढली. मागची पानं. फाडून दिलेल्या पानाच्या आधीचा कच्चा कागद. खाडाखोड केलेला, एका कोपऱ्यावर औषधाचा डाग. तिनं वही साहेबांना न देता माझ्या छातीवर आपटली.

"वाच. आन माझ्या आवाजात वाच, साळुंके. मास्तरच्या न्हाई."

मी वाचली. कच्च्या कागदात एक गोष्ट दिसली जी सरांना दिलेल्या पानात नव्हती. दुसऱ्या कडव्यात तिनं आधी "वाट वळली" लिहिलं होतं. ते खोडून "वळायची" लिहिलं. तेही खोडून "वळती". तीनदा विचार करून ठेवलेला शब्द. वाचताना मी तिच्यासारखी थांबले आणि आपटला. बाभूळ तोडली. सासरा गेला. वाट... वळती.

कुणी हसलं नाही. पण उकंडराव काही साधे नाहीत. ते म्हणाले, "ठीक. वाट आज वळती म्हनती. मग खालीच लिवलंय की सासरा आज 'थांबतो', 'मागं बघतो'. साहेब, मसाजीला आमी खांदा दिलाय. त्यो आज थांबतो का? थांबत असंल तर ही बाई येडी. थांबत नसंल तर वाटबी वळत न्हाई. एकाच बाईचा एकाच कागदावरचा एकच काळ, एक खरा आन एक खोटा कसा?"

मला मनापासून टाळी वाजवावीशी वाटली. असा पेच मी आमच्या शाळेत कधी ऐकला नव्हता.

पंचफुलाबाईनं उकंडरावांकडं बघितलंसुद्धा नाही. ती साहेबांशी बोलली, पण त्यांनाही ती चौथीतलं पोरगं समजून राहिली होती.

"साहेब, वही बघा. वरी काय लिवलंय? सासरा 'चालायचा'. 'चालायचा' म्हंजी रोज चालत व्हता, आता चालत न्हाई. मग? सासरा 'गेला'. दोनदा सांगितलं मी त्यो न्हाई म्हनून. तवा कुटं 'थांबतो' म्हनलं. ज्याला आधी 'गेला' म्हनलं, त्यो मागून 'थांबतो' म्हनलं तरी गेलेलाच ऱ्हातो. ऐकनाराला आधी सांगून ठिवलं ना! मग त्याला म्हाईत असतं, आता ही बाई डोळं मिटून बघून राहिली. आन वाट? वाटंला 'चालायची' कुटं हाय? 'गेली' कुटं हाय? बोट ठिवून दाखवा. पयल्या कडव्यात 'वळती', दुसऱ्यात 'वळती'. सासरा जित्ता असताना वळती आन मेल्यावरबी वळती. मधी बाभूळ तोडली, तिला 'तोडली' म्हनलं. ज्याचं जे झालं ते त्याला लावलं. वाटंचं काई झालं असतं तर लावलं असतं. मी काय उधार ठिवनारी हाय का?"

"आन ते भोक?" उकंडराव. "आठ सालाचं काठीचं भोक चिखलात दिसतंय व्हय?"

"भोक मला दिसतं. खूर तुमालाबी दिसतो. काठी तवाची हाय, खूर आजचा. एका चिखलात दोन साल ठिवले मी, कारण मी तितंच उभी असती दोन्ही येळेला. जागा एक. म्हनून तर वाट हाय म्हनते!"

साहेबांनी माझ्या हातातून वही घेतली आणि एकेका ओळीवरून बोट फिरवलं. मग ते शेवटच्या ओळीवर आले. "पण बाई, 'मेंढरं पाण्याला निघाली'. हे तर भूतकाळीच आहे. निघाली, म्हणजे निघून झाली. त्या दिवसाची आठवण."

उकंडरावांनी मान हलवली. "बराबर. साहेबांनी धरलं."

आणि तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. वसमतहून वरिष्ठांचा असावा, कारण साहेब खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. "हो सर. निघालो सर. निघालोच." फोन ठेवला. आणि पुन्हा पाय लांब करून बसले.

पंचफुलाबाईनं एक श्वास वाट पाहिली.

"निघाला व्हय साहेब? मग ह्या खुर्चीत कोन बसलंय, तुमचा सासरा?"

कढईजवळच्या बायका, ज्यांच्या नवऱ्यांनी सही करायची हिंमत केली नव्हती, त्या पदर तोंडात घालून हसल्या. कारकुनाचं पेन खाली पडलं. साहेब लाल झाले. एक क्षण वाटलं की ते उठून जातील आणि प्रकरण तिथंच मिटेल, कारण अशा माणसाला सगळ्यांसमोर पकडलेलं सहन होत नाही. त्यांचा आवाज कडक झाला.

"बाई, तुम्ही माझा अपमान करताय."

"तुमी खोटं न्हाई बोललात साहेब. समदे तसंच बोलत्यात. 'निघालो' म्हंजी निघनार हाय, ह्याच घडीला, धरून चाला. 'निघालो' म्हनायला तुमाला मुभा, आन माझ्या मेंढरांनी 'निघाली' म्हनलं तर ती आठ सालाआधी निघाली? माझी मेंढरं तितं वाटंच्या तोंडाला उभी हायेत. पाण्याला निघालेली हायेत. काट्या काढा, पोचतील."

उकंडराव पहिल्यांदा तुपातून बाहेर आले. "ए म्हातारे, कविता घेऊन वावरात घुसती व्हय? कविता म्हंजी सातबारा हाय का?"

"म्या कुटं आनली कविता? तुमीच खिशातून काढली की! नको व्हती तर कशाला दावली?"

साहेबांनी हात वर केला. मग त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, छापील कुणी बदललं? मी शिवहार सरांचं नाव सांगितलं. त्यांच्याच आवाजात, टकटक करून. पंचफुलाबाई हसली नाही. तिनं मला एवढंच म्हटलं, "हितं एकदा खरं बोललीस."

कारकुनानं तिचा जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. "अर्जदाराचे म्हणणे असे की, सदर वाट तळ्याकडे जाण्यासाठी वापरात होती..."

"'होती' खोडा."

"बाई, जबाब असाच लिहितात."

"लिहीत असतील. मी अंगठा देनार न्हाई. मला सही येती आन वाचताबी येतं. 'होती' खोडा, 'आहे' लिवा."

"पण पूर्वीपासून होती हेही सांगायला हवं ना," साहेब म्हणाले. "नाहीतर पूर्वापार सिद्ध होत नाही."

ती थांबली. या वेळी विचार करायला थांबली, कुणाला घाबरवायला नाही. "मग दोन्ही लिवा. 'होती' पयलं. 'आहे' नंतर. उलटं नका लिवू."

"का?"

"शेवटाला जे येतं तेच ऱ्हातं."

साहेबांनी लिहायला लावलं, "होती व आहे". तिनं सही केली, 'पंचफुलाबाई मुंजाजी' अशी. वेलांटी पहिली का दुसरी यावरूनही कारकुनाशी दोन शब्द केले. साहेब उठले. जाता जाता उकंडरावांनी त्यांना घरी चहाला नेलं. दरवाजा बंद झाला.

आम्ही दोघीच लिंबाखाली राहिलो, आणि वाटेच्या तोंडाला तिची मेंढरं. मी तिला म्हटलं, "चहा बंद दाराआड चाललाय, पंचफुलामावशी. आदेशात शेवटी 'होती'च येणार. तुमची सही असो की नसो."

"आहे येनार."

"होती."

"पैज लाव. मी हरले तर भर बाजारात, बेस्तरवारी, सगळ्यांच्या समोर माझी नक्कल करून दाव. मी समोर उभी ऱ्हाईन, दगड उचलनार न्हाई."

असली संधी कोण सोडेल? "आणि मी हरले तर?"

"आठ दिवस दुसऱ्या कुनाच्याबी आवाजात बोलायचं न्हाई. सवताच्या आवाजात बोलायचं. असंल तुझ्याकडं तर."

हे तिनं हसत म्हटलं नाही. मी हात पुढं केला, तिनं हातावर हात न मारता काठी मारली, हलकेच. ती लागली. पैज लागली.

पुढचे पाच आठवडे वाईट गेले. तिनं रोज मेंढरं डांबरी रस्त्यानं नेली. सगळ्या मेंढरांच्या पुढं उभं राहून ती ट्रक थांबवायची आणि ड्रायव्हरांना शिव्या द्यायची. उकंडराव तिला रस्त्यात दिसले की म्हणायचे, "काय कविबाई, मेंढरं निघाली का निघाली होती?" ती मेंढरं हाकत पुढं जायची. मी पंचफुलाबाईच्या आणि उकंडरावांच्या, दोन्ही आवाजांचा रोज सराव करत होते, एक जिंकताना, एक हरताना. घरी आईनं ऐकलं आणि म्हटलं, बाय, माझ्या मामाचं बोलणं ऐकू येऊन राहिलं मला सैपाकघरात.

एप्रिलच्या शेवटी आदेश आला. तिला एक प्रत, उकंडरावांना एक. ती माझ्या दारात येऊन उभी राहिली, उंबऱ्याच्या आत आली नाही.

"वाच."

मी वाचलं. तारखा, गट नंबर, दिशा. मग ते वाक्य. "...सबब, सदर वाट ही पूर्वापार वहिवाटीची होती व आजही आहे. प्रतिवादीने केलेला अडथळा सात दिवसांचे आत दूर करावा."

मी चटकन म्हटलं, "बघा, 'होती' आहे ह्यात! मी 'होती' म्हणाले होते. अर्धी अर्धी झाली."

"शेवटचा शबुद वाच."

"आहे."

"त्याच्या आधी?"

"आजही."

"मास्तरनं शिकवलं न्हाई का तुला, 'आजही' कशाला लावत्यात?" तिनं आदेश माझ्या हातातून ओढून घेतला, चार घड्या केल्या आणि जंताच्या वहीत ठेवला. "जे मोडून गेलं आसतं, पन गेलं न्हाई, त्याला लावत्यात. हरलीस तू. आठ दिवस."

"पण मावशी..." मी तिच्याच आवाजात म्हटलं. सवयीनं.

"एक दिवस वाढला. नऊ," ती म्हणाली आणि काट्या काढायला निघाली.